रॉडच्या ताणाबद्दल खुलासा

"दोन पक्क्या भिंतींमधला रॉड जितका लांब, तितका तापल्यावर त्यात ताण जास्त."

ठाण्यातल्या आमच्या डिप्लोमाच्या ग्रुपवर फिरणारं हे वाक्य माझंच, घाईत लिहिलेलं. ते चुकलंय. काल कागदावर मांडून पाहिलं. ३० अंशांनी तापल्यावर १ मीटरचा पोलादी रॉड, मोकळा असता तर, ०.३६ मिमी वाढला असता. ३ मीटरचा १.०८ मिमी. भिंती ही वाढ होऊच देत नाहीत. पण वाढ भागिले लांबी दोन्हीकडे ०.०००३६ च. तिला पोलादाच्या यंग गुणांकाने, म्हणजे २०० गिगापास्कलने, गुणलं की दोन्हीत दाबाचा ताण ७२ मेगापास्कल. लांब, बारीक रॉड दाबाखाली लवकर वाकतो हे खरं, पण ते वेगळं प्रकरण; माझा घोळ बहुधा तिथेच झाला. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल तिथे हा टाका.