पुसलेल्या वस्तूमागची भिंत

"अरे, फोटोत ओल कशाला दाखवायची? माणसं बघायला येतील तेव्हा दिसेलच की. एजंटला सांग, जरा साफ करून टाका. सगळेच करतात."

दादा, सगळेच करतात हे खरं आहे आणि माझा राग त्यावरच आहे. आईबाबांचं घर विकायला काढल्यापासून आपल्या ग्रुपवर हा एकच वाद चालू आहे. तुमचा सूर असा की मी कॅलिफोर्नियात बसून भारतातल्या लोकांना नीती शिकवतोय. नीती बाजूला ठेव. आपल्या एजंट बाईंना मी जो ईमेल पाठवला तो तू नीट वाचलेला नाहीस, म्हणून त्यामागचा विचार सांगतो.

फोटोतून एखादी वस्तू पुसली की तिच्या जागी भोक पडत नाही. सॉफ्टवेअर आजूबाजूचा रंग पाहून तिथे भिंत रंगवतं, आणि ती बहुधा कोरी, गुळगुळीत असते. म्हणजे कॅलेंडर पुसताना आपण नकळत सांगतो की कॅलेंडरमागे भेग नाही. ती आहे की नाही हे सॉफ्टवेअरला माहीत नसतं. आपल्याला माहीत असतं.

म्हणून ईमेलमध्ये मी आधी एवढंच लिहिलं की सामानाच्या ट्रकमधून जे जाणार आहे ते फोटोत नको, आणि ट्रक गेल्यावर जे उरणार आहे ते दिसलंच पाहिजे. काढायच्या गोष्टींत भिंतीवरचे घरच्यांचे फोटो, माझ्या पुतणीचं नाव आणि शाळा लिहिलेली प्रमाणपत्रं, दाराजवळची किल्ल्यांची पाटी, आईची औषधं आणि पत्ता छापलेली कुरिअरची पाकिटं होती. कारण साधं आहे. जाहिरात कोणीही बघतो. घरात कोण राहतं, किल्ल्या कुठे टांगतात, कोण आजारी आहे हे त्याला कळायचं कारण नाही. पण या वस्तू फोटो काढण्याआधी हातांनी हलवा, नंतर पुसू नका, असंही लिहिलं. हातांनी हलवली की मागची भिंत खरी येते.

मावशीने यावर विचारलं, "वस्तू काढल्या म्हणजे दिल्या कुणाला? माझं सागवानी कपाट असंच न विचारता गेलं होतं." मावशी, कुणालाही काही दिलेलं नाही. तुझ्या कपाटाचं दुःख मला कळतं, पण हा विषय तो नाही.

खरी गोची हॉलमधल्या एसीची होती. तो आपण नेणार, म्हणजे माझ्याच नियमाने तो फोटोत नको. बाईंच्या फोटोग्राफरने तो पुसून फोटो पाठवला, त्यात अखंड पांढरी भिंत होती. प्रत्यक्षात एसी उतरला की पाइपाचं आरपार भोक, ब्रॅकेटच्या स्क्रूंची भोकं आणि जुन्या रंगाचा चौकोन उरेल. मी लिहिलं, "एसी उतरवल्यावरच फोटो घ्यावा. तोपर्यंत एसीसकट फोटो टाकावा आणि खाली 'एसी विक्रीत नाही' असं लिहावं." बाईंना हे लगेच पटलं. त्यांचा अनुभव असा की भांडण ओलीवरून कमी होतं, फोटोत आहे आणि घरात नाही अशा गोष्टीवरून जास्त होतं.

आता ओल. बेडरूमची जी भिंत बाथरूमला लागून आहे, तिच्यावर फिकट पिवळा डाग आहे, खाली क्षार फुलून रंगाचे पापुद्रे सुटलेत. हा डाग कोणी पुसला नव्हता, तरी पहिल्या फोटोत तो दिसेना. फोटोग्राफरने खोली उजळ केली होती आणि पिवळेपणा मारला होता. पांढऱ्या भिंतीवरचा फिकट पिवळा डाग सगळ्यात आधी इथेच मरतो. म्हणून मी लिहिलं की खोली हवी तेवढी उजळ करा, पण नंतर मूळ फोटो शेजारी ठेवून बघा. मूळ फोटोत दिसणारा डाग तयार फोटोतही दिसला पाहिजे. कपाट त्याच्यापुढे सरकवू नका. डागाचा एक जवळचा फोटो वेगळा द्या, शेजारी पट्टी धरून, म्हणजे तो वीतभर आहे की पुरुषभर ते कळेल.

बाल्कनीच्या छताचंही तसंच. तिथे तांबूस रेघ आहे आणि एका जागी पोपडा पडून सळई उघडी झाली आहे. सळई गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून पाडते. त्यावर रंग मारला तर एखादा पावसाळा झाकलं जाईल, गंज आत चालूच राहील. हा फोटो यादीत पहिल्या पाचांत ठेवा, असं मी लिहिलं आणि त्यावरच तू सर्वांत जास्त चिडलास.

तुझा मुद्दा अर्धा बरोबर आहे. आपल्याकडचा १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा विकणाऱ्याला एवढंच सांगतो की जो मोठा दोष घेणाऱ्याला साध्या काळजीने सापडणार नाही, तो तू सांग. डोळ्यांना दिसणारी ओल त्यात बसत नाही, असं तू म्हणतोस. पण साध्या काळजीने जे दिसलं असतं तेच आपण फोटोतून घालवलं, तर मग कुठली काळजी उरली? शिवाय आज बरीच माणसं माझ्यासारखी, दूर बसून फोटोंवरून ठरवणारी असतात.

इथे कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२६ पासून एबी ७२३ हा कायदा लागू झाला आहे. एजंटने जाहिरातीतला फोटो डिजिटल बदलला असेल तर तसं लिहायचं आणि मूळ फोटो बघायला मिळेल अशी सोय द्यायची. उजेड, रंगसंगती, कातरणं यांना सूट आहे. म्हणजे माझ्या ओलीच्या डागाचं जे झालं ते इथल्या कायद्यातही कदाचित सुटलं असतं. तू लगेच लिहिलंस, "तुमच्याकडे फसवतात म्हणूनच कायदा करावा लागला ना!" हो, फसवतात. भाड्याचे सोफे आणून ओपन हाऊस सजवतात, तेही मी बघतो. तरी डिस्क्लोजरच्या, म्हणजे घराचे दोष सांगणाऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात गळकं छप्पर लिहिलेलं असतं आणि ते वाचूनही लोक ऑफर देतात. मला ते आवडतं. मला वाटतं आपल्याकडेही ते जमेल, आणि 'आपल्याकडे' हा शब्द मी अजून वापरतो याचं तुला हसू येतं तेही मला माहीत आहे.

त्या यादीत एक ओळ मी चारदा लिहिली आणि खोडली. स्वयंपाकघराच्या चौकटीवर आपल्या दोघांच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत. त्या ट्रकमध्ये जात नाहीत, म्हणून नियमाने राहिल्या पाहिजेत. पण अनोळखी माणसाने त्या मोठ्या करून बघाव्यात हे मला सोसेना. त्या घरावर माझा हक्क सहीपुरता उरलाय, तुम्ही तिथे राहिलात, मी नाही. शेवटी लिहिलं, "चौकट आहे तशी येऊ द्या." ही तक्रार नाही, तुला सांगावंसं वाटलं एवढंच.

बाईंचा कालचा प्रश्न मात्र अजून अनुत्तरित आहे. बाथरूमची दुरुस्ती होतेय, भिंत सुकेल, रंग लागेल. मग डागाचा फोटो जाहिरातीतून काढून टाकायचा का? माझं मत आहे की दोन्ही फोटो तारखेसकट ठेवावेत आणि दुरुस्तीचं बिल जोडावं, कारण एक पावसाळा गेल्याशिवाय ती सुकली असं म्हणता येत नाही. तुझं मत आहे की झालेली जखम दाखवत फिरू नये. बाईंना तुझं उत्तर आल्याशिवाय मी होकार देत नाही, घर दोघांचं आहे. या रविवारपर्यंत कळव.