'ही बाई कोण?' या अभिप्रायाला उत्तर

★★ लग्नाच्या वाढदिवसासाठी आमच्या फोटोवरून दरबारी शैलीतलं लघुचित्र करून घेतलं. दोन महिने थांबलो. बॉर्डर सुरेख आहे, पण चेहरे आमचे नाहीत! फोटोत आम्ही समोर बघतोय, चित्रात दोघंही बाजूला वळलेले. माझा डोळा कानापर्यंत गेलाय. सासूबाईंनी विचारलं, ही बाई कोण? गालिचा तर भिंतीला टांगल्यासारखा दिसतो. दोन तारे फक्त बॉर्डरसाठी.

नमस्कार ताई,

सासूबाईंचा प्रश्न वाचून आधी हसू आलं. मग तुमचा फोटो आणि आमचा खाका, म्हणजे कच्चं रेखाटन, शेजारी ठेवून पाहिलं आणि हसू मावळलं. तुमच्या चेहऱ्याबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. गालिच्याबद्दल मात्र मी थोडा भांडणार आहे.

चेहरे वळवले ते हौसेनं नाही. फोटोत समोरून दिसणारं नाक आपल्याला कळतं ते सावलीमुळे. या शैलीत उजेड एका बाजूनं येत नाही आणि सावली पडत नाही. सावली काढली की समोरच्या नाकाच्या उरतात दोन नाकपुड्या आणि एक रेघ, मग कुणाचंही नाक सारखंच. बाजूनं काढलं तर कपाळ, नाक, ओठ, हनुवटी ही एकच सलग रेघ माणूस ओळखून देते. जहांगीर आणि शाहजहानच्या काळातली बहुतेक व्यक्तिचित्रं म्हणूनच एकचष्मी, एकच डोळा दिसणारी आहेत.

पण ही रेघ समोरून काढलेल्या फोटोत नसतेच, आणि इथे आम्ही चुकलो. तुमचे मिस्टर फोटोत जरा वळलेले होते, त्यामुळे त्यांचं नाक बऱ्यापैकी जमलं. तुम्ही थेट कॅमेऱ्यात बघत होतात, तेही हातभर अंतरावरून घेतलेल्या सेल्फीत. इतक्या जवळून नाक मोठं आणि कान लहान येतात. तुमच्या नाकाचा उंचवटा आम्ही अंदाजाने काढला. चित्रात डोकं जेमतेम एक इंच आहे, खरं डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण बावीस सेंटिमीटर. म्हणजे कागदावर रेघ अर्धा मिलिमीटर सरकली की तुमचं खरं नाक चार-साडेचार मिलिमीटरनं बदलतं. तेवढ्यात बाई बदलते. तेव्हाच बाजूचा फोटो मागायला हवा होता आणि रंग भरण्याआधी खाका तुम्हाला पाठवायला हवा होता. दोन्ही राहिलं.

डोळ्याचा दोष अर्धा माझा. नमुन्यांतून तुम्ही किशनगढ शैली निवडलीत. अठराव्या शतकातलं 'बणी ठणी' हे स्त्रीचित्र त्याच शैलीतलं. लांब मासोळी डोळा, धनुष्यासारखी भुवई, टोकदार नाक: ते सौंदर्याचं ठरलेलं रूप आहे, त्यात कुणीही बसलं तरी तशीच दिसणार. साम्य हवं असेल तर मोगल पद्धत घ्यावी, हे ऑर्डर घेताना सांगणं माझं काम होतं.

गालिचा मात्र राहू द्या. माणसं बाजूनं आणि गालिचा वरून, असं एकाच चित्रात दोन ठिकाणांहून पाहणं हीच ही पद्धत. तो 'आडवा' केला तर त्यावरच्या वेलबुट्टीची अर्धी नक्षी दबून जाईल, आणि खरं सांगायचं तर बॉर्डरपेक्षा जास्त दिवस तिच्यावर गेलेत.

आता दुरुस्ती. रंग डिंकात कालवलेले असल्यामुळे ओल्या कुंचल्यानं चेहऱ्यापुरते उचलता येतात. कागद वाळला की पुन्हा पांढऱ्याचा पातळ थर द्यायचा, चित्र काचेवर पालथं घालून मागून अकीकच्या दगडानं घोटायचं, मग नवी रेघ आणि त्यावर परदाज, म्हणजे गालाची गोलाई आणणारे बारीक ठिपके. नथ आणि कानातलं सोनं पुन्हा करावं लागेल. एका जागी हे एकदा, फार तर दोनदा जमतं. त्यानंतर कागदाचे तंतू उठतात आणि बारीक रेघ फुटते. म्हणून या वेळी खाका तुम्ही, आणि जमल्यास सासूबाईंनीही, पसंत केल्याशिवाय कुंचला लावणार नाही.

त्यासाठी तुमचा बाजूनं एक फोटो हवा. सहा-आठ फुटांवरून थोडं झूम करून, मोबाइल डोळ्यांच्या उंचीला धरून, केस कानामागे. नथ घालणार असाल तर घालूनच.

चित्र गुंडाळू नका, वाकलं की रंगाला तडे जातात. दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा, आमचा माणूस येऊन घेऊन जाईल. साधारण दोन आठवडे लागतील, खर्च सगळा आमचा. दुरुस्ती नकोच असेल तर चित्र परत घेऊन पूर्ण पैसे देतो.