भेटूया ना एकदा!

नोकरीसाठी एकटीने नवीन शहरात आलं की घर मिळतं, गॅस मिळतो, इंटरनेटवाला दोनदा हुलकावणी देऊन का होईना पण येतो, मित्र-मैत्रिणी मात्र कुठे अर्ज करून मिळत नाहीत. ऑफिसात माणसं असतात, चांगली असतात, जेवताना आपण सगळे खिदळतो पण, आणि शुक्रवारी संध्याकाळी लिफ्टचं दार बंद झालं की ती सगळी आपापल्या संसारात गडप होतात ती थेट सोमवारी उगवतात. मधले दोन दिवस मी भाजी आणायला गेले की दुकानदाराशी गरजेपेक्षा जास्त बोलायचे. तो बिचारा सुट्टे पैसे मोजत मोजत मागे सरकायचा.

मग इंटरनेटवर उत्तरं शोधली. सगळीकडे एकच सल्ला, 'छंद जोपासा, ग्रुप जॉइन करा'. केला. दर रविवारी सकाळी दीड तास बॅडमिंटन. तिथे एक मुलगी होती, जबरदस्त बॅकहँड आणि त्याहून जबरदस्त टोमणे. मनात म्हटलं, ही आपली! पहिल्या दिवशी नाव सांगितलं होतं तिने, पण तेव्हा मी धापा टाकत होते आणि कानात फक्त माझंच हृदय वाजत होतं. दुसऱ्या रविवारी विचारता आलं असतं. नंतर जो काही काळ गेला त्यानंतर विचारणं म्हणजे अपमानच, म्हणून फोनमध्ये नंबर सेव्ह केला 'बॅडमिंटन बॅकहँड' या नावाने.

तर ही बॅकहँड आणि मी, दर रविवारी निघताना एकमेकींना म्हणायचो, "भेटूया ना एकदा!" "हो हो, नक्की!" आणि दोघी विरुद्ध दिशांना जायचो. हे 'एकदा' फार डेंजर प्रकरण आहे हां. त्याला वार नाही, वेळ नाही, जागा नाही, म्हणजे कोणाला नाही पण म्हणावं लागत नाही आणि यावं पण लागत नाही. एकदा मी हिंमत करून मेसेज टाकला, तर तिला शनिवारी जमत नव्हतं, मला त्यापुढच्या बुधवारी, मग तिच्याकडे पाहुणे, मग माझं ऑडिट, आणि शेवटी तिने हसऱ्या चेहऱ्याचा इमोजी पाठवला. इमोजीवर आलेलं बोलणं पुढे जात नाही.

याच सुमारास मला एक अभ्यास सापडला आणि माझी झोप उडाली. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल म्हणून प्राध्यापक आहेत, त्यांनी 2018 साली हा हिशोब मांडला, आणि विचारलं कोणाला तर नुकतंच गाव बदललेल्या आणि नवीन मित्र शोधणाऱ्या माणसांनाच, म्हणजे जवळजवळ मलाच. नुसत्या ओळखीचा माणूस जरा बऱ्यापैकी मित्र व्हायला साधारण 50 तास सोबत घालवावे लागतात, पक्का मित्र म्हणायला 90 च्या आसपास, आणि जिवलग म्हणाल तर 200 च्या वर. अर्थात हे अंदाज, मीटर लावून मोजलेलं काही नाही. पण मी कॅल्क्युलेटर काढला. आठवड्याला दीड तास म्हणजे 50 तासांना तेहतीस-चौतीस रविवार, आठ महिने झाले, तेही एकही रविवार न बुडवता. 200 तासांना अडीच वर्षांच्या वर! तोपर्यंत माझी बदली होईल नाहीतर तिचा गुडघा जाईल.

आता शाळेचा हिशोब लावा. दिवसाला सहा तास धरले तरी तेहतीस-चौतीस दिवसांत 200 तास पूर्ण, म्हणजे जूनमध्ये शेजारी बसवलेली मुलगी जुलै संपता संपता जिवलग. आपल्याला उगाच वाटत असतं की लहानपणी आपण फार मनमोकळे वगैरे होतो आणि आता मोठे होऊन तुसडे झालो. तसलं काही नाही हो, तेव्हा तास फुकट मिळत होते आणि कोणाला पळून जायची सोय नव्हती.

मग ऑफिसात तर आठ-आठ तास सोबत असतो, ते का नाही धरायचे? तर नाही धरता येत. हॉलसाहेबांनाही तेच दिसलं की सोबत काम केल्याचे तास मैत्रीच्या खात्यात फारसे जमाच होत नाहीत. नुसतं टाइमपास करणं, गप्पा, चेष्टामस्करी, ते जमा होतं. आणि खरंय ते, माझ्या शेजारच्या टेबलावर जे गृहस्थ बसतात त्यांच्यासोबत माझे हजार तास तरी झाले असतील, मला त्यांच्याबद्दल एवढंच माहितीय की ते एसी सोळावर ठेवतात. बॅडमिंटनचंही तसंच, दीड तासात खरं बोलणं दहा मिनिटं, बाकी "सॉरी", "आऊट होतं", "सॉरी".

म्हणजे प्रश्न ग्रुप शोधायचा नव्हताच, तिला कोर्टाच्या बाहेर काढायचं होतं. आणि बाहेर काढायचं म्हणजे आमंत्रण नको, आमंत्रण दिलं की दोघींना चांगले कपडे घालून इंटरेस्टिंग असावं लागतं. त्यापेक्षा जे कंटाळवाणं काम आपण तसंही करणार आहोत त्यात ओढायचं. माझी गादी मधोमध खचली होती. मी लिहिलं, 'शनिवारी अकराला गादी बघायला चाललेय, एकटीला कंटाळा येतो, येतेस का?' पाठवलं आणि फोन उशीखाली दाबून ठेवला. ही भीती पण सगळ्यांचीच असते म्हणे, त्याच 2018 मध्ये एरिका बूथबी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पहिल्यांदा गप्पा मारून उठलेल्या दोघांनाही वाटत असतं की समोरच्याला आपण काही फार आवडलो नाही, आणि दोघंही चुकत असतात. मला हे पाठ होतं. तरी फोन उशीखालीच.

उत्तर आलं, 'येते. मला पण उशी घ्यायचीये.'

ज्याला कोणाला मैत्री करायची असेल त्याने गादीच्या दुकानात जावं, मी सिरियसली सांगतेय. गादी कळायला तिच्यावर पडावं लागतं, पाच-दहा मिनिटं तरी, आणि आडवं पडून छताकडे बघत माणूस जे बोलतो ते बसून बोलत नाही. तिसऱ्या गादीवर कळलं की तीही एकटीच आलीये आणि रविवारची वाट बघत असते. पाचव्या गादीवर तिच्या बॉसचा उद्धार झाला. सेल्समन आधी "मॅडम, मेमरी फोम" करत होता, मग नुसता उभा राहिला, मग खुर्ची आणून बसला आणि बॉसबद्दल त्यानेही मत दिलं.

बिल करताना त्याने डिलिव्हरीसाठी दुसरा एक नंबर मागितला. मी हिचा दिला. "नाव?" मी हिच्याकडे बघितलं, ही माझ्याकडे बघायला लागली, मी म्हटलं, "तूच सांग ना, स्पेलिंग चुकायला नको." तिने सांगितलं. आणि लगेच पुढे, "बरं, आता तुझंही सांगून टाक."

तिच्या फोनमध्ये मी 'बॅडमिंटन सॉरी' होते.

गादी कडक निघाली, दगड नुसता. ती बदलून घ्यायला दोघी गेलो, अख्खा शनिवार गेला. हिशोबात धरलाय.