रिलीजच्याच दिवशी विंडोज? जरा थांबा

«विंडोजचं नवीन व्हर्जन आलं की त्याच दिवशी टाकून मोकळे व्हा. लाखो लोकांनी महिनोन्महिने टेस्ट केलेलं असतं. थांबाल तर हॅकर्सना दार उघडं. काही बिघडलंच तर एका क्लिकवर जुन्यावर परत जाता येतं. अपडेट दिसत नसेल तर साइटवरून थेट डाउनलोड करा, वाट बघत बसू नका!»

हा फॉरवर्ड आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरला. त्याच संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या एका सीएंच्या ऑफिसात काम करणाऱ्या मुलाने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, «काका, ऑफिसच्या मशीनवर टाकू का?» त्याला फोनवर एका शब्दात नाही म्हटलं. कारणं इथे लिहितो.

टेस्टिंगपासून सुरुवात करू. विंडोज १० चं १८०९ हे व्हर्जन २ ऑक्टोबर २०१८ ला आलं. आपल्याकडे गांधी जयंतीची सुट्टी, म्हणजे घरी बसून अपडेट टाकायला चांगला दिवस. चारच दिवसांत, ६ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने ते मागे घेतलं, कारण काही लोकांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरमधल्या फायली अपग्रेडनंतर गायब झाल्या होत्या. रिसायकल बिनमध्येही नव्हत्या.

हे कसं झालं ते नीट बघण्यासारखं आहे, कारण पुण्यातली निम्मी असेंबल्ड मशीन्स याच घडणीची असावीत असं मला वाटतं. समजा तापकीर गल्लीतून एक पीसी जोडून आणला. विंडोजसाठी १२० जीबीची एसएसडी, म्हणजे सी ड्राइव्ह. आणि डेटासाठी १ टीबीची हार्ड डिस्क, म्हणजे डी. दोन वर्षांत सी भरत आला. मग कोणीतरी सांगतं की डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये लोकेशनच्या टॅबवर जा आणि पत्ता बदलून `D:\Documents` करा. तिथे विंडोज विचारतं, जुन्या जागेतल्या फायलीही हलवू का? घाईत माणूस नाही म्हणतो, कारण हलवायला अर्धा तास लागणार असतो. त्या दिवसापासून नवीन फायली डीवर साठतात. आधीच्या दोन वर्षांच्या फायली मात्र सीवरच्या मूळ डॉक्युमेंट्समध्ये तशाच पडून राहतात. रोजच्या वापरात त्या दिसत नाहीत, म्हणून हळूहळू विसरल्या जातात.

१८०९ च्या आधीच्या व्हर्जनमध्ये लोकांची एक तक्रार होती: फोल्डर दुसरीकडे हलवले तरी जुन्या जागी त्याच नावाचे रिकामे फोल्डर दिसतात. ते साफ करायला १८०९ मध्ये नवा कोड घातला गेला. हेतू रिकामे फोल्डर उडवण्याचा होता, पण कोडने जुनी जागा भरलेली असली तरी ती उडवली. आपल्या समजा-वाल्या मशीनवर डीवरचं सगळं शाबूत राहिलं असतं आणि सीवरची दोन वर्षं गेली असती. आणि ते कळलं असतं कधी? एखाद्या जुन्या असेसमेंटची नोटीस आल्यावर.

तुमच्या मशीनची अशी स्थिती आहे का, हे दोन मिनिटांत तपासता येतं. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि हे टाका:

```
dir "%USERPROFILE%\Documents"
```

ही कमांड मूळ जागेतलं काय ते दाखवते. इथे फायलींची यादी आली आणि लोकेशनच्या टॅबवर पत्ता मात्र डी ड्राइव्हचा असेल, तर तुमचे डॉक्युमेंट्स दोन ठिकाणी विभागलेले आहेत. अपग्रेडचं काहीही ठरवा, त्याआधी ते एकत्र करा.

आता 'लाखो लोकांचं' बघू. फायली जाण्याच्या तक्रारी इनसाइडर प्रोग्रॅममधल्या, म्हणजे नवीन विंडोज आधी वापरून बघणाऱ्या, काही लोकांनी १८०९ येण्याआधीच नोंदवल्या होत्या. पण तशा नोंदी थोड्या होत्या, त्यांना पाठिंब्याची मतं कमी मिळाली आणि त्या ढिगात खाली राहिल्या. पुढे मायक्रोसॉफ्टने फीडबॅक हब या तक्रारी नोंदवायच्या ॲपमध्ये तक्रारीबरोबर तिची तीव्रताही नोंदवायची सोय केली. फायली खरोखर गेल्याच्या तक्रारींचं प्रमाण त्यांनी इन्स्टॉल केलेल्यांत दहा हजारांत एक असं सांगितलं होतं. इतका दुर्मीळ दोष टेस्टिंगमध्ये आवाज करत नाही. तो गाजतो मशीन्सची संख्या एकदम वाढते तेव्हा, म्हणजे रिलीजनंतरच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा टेस्टिंग झालेलं असतं हे खरं, पण पहिल्या दिवशी बटण दाबणारा माणूस त्या टेस्टिंगचा पुढचा टप्पाच असतो.

खुद्द मायक्रोसॉफ्टही सगळ्यांना पहिल्या दिवशी देत नाही. १८०९ आपोआप पोचवायला सुरुवात व्हायची होती ९ ऑक्टोबरला. २ तारखेपासून ते मिळत होतं फक्त स्वतः सेटिंग्जमध्ये जाऊन 'चेक फॉर अपडेट्स' दाबणाऱ्यांना. काहीही न करता बसलेल्या माणसाला त्या आठवड्यात धोका पोचलाच नाही.

सुरक्षेचा मुद्दा मात्र मी हलक्यात घेणार नाही, कारण त्यात अर्धं खरं आहे. मार्च २०१७ मध्ये विंडोजमधल्या एका भगदाडाचा पॅच आला आणि १२ मेला वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने त्याच भगदाडातून जगभर मशीन्स लॉक केली. ज्यांनी दोन महिन्यांत पॅच टाकला नव्हता ते सापडले. पण तो पॅच होता, नवीन व्हर्जन नव्हतं. फॉरवर्डमध्ये या दोन गोष्टींची गल्लत आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराच्या सुमारास, सुरक्षेचे पॅच येतात आणि सपोर्टमध्ये असलेल्या जुन्या व्हर्जनलाही मिळतात. विंडोज ११ चं 24H2 आलं १ ऑक्टोबर २०२४ ला; त्याआधीच्या 23H2 च्या होम आणि प्रो आवृत्तींना पॅच मिळत राहिले ११ नोव्हेंबर २०२५ पर्यंत. म्हणजे 24H2 साठी दोन महिने थांबलेल्याचं सुरक्षेच्या बाबतीत काही अडलं नाही. ज्याचं व्हर्जन सपोर्टबाहेर गेलंय त्याला हा युक्तिवाद लागू नाही. त्याने आणखी थांबू नये.

इथे थांबणारेही एक चूक करतात. ते सेटिंग्जमध्ये जाऊन 'पॉझ अपडेट्स' दाबतात. त्याने नवीन व्हर्जनबरोबर महिन्याचे पॅचही अडतात, म्हणजे जे टाळायचं तेच ओढवून घेतलं. पॉझला हात लावू नका. विंडोज ११ मध्ये नवीन व्हर्जन सहसा वेगळ्या ओळीत, स्वतःच्या 'डाउनलोड अँड इन्स्टॉल' बटणासह दिसतं. ते दाबू नका, बाकीचं येऊ द्या. तिथेच अपडेट शक्य तितक्या लवकर मिळवण्याचा एक स्विच आहे, तो कामाच्या मशीनवर बंद हवा.

मागे फिरण्याबद्दल. विंडोजमध्ये 'गो बॅक' आहे, पण त्याची मुदत १० दिवस. जुनी विंडोज `Windows.old` नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेली असते आणि मुदत संपली की साफ होते. दरम्यान डिस्क क्लीनअप करताना कोणी तो फोल्डर उडवला तर मुदत असूनही दार बंद. अपग्रेड केल्यावर लगेच, ॲडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ही मुदत वाढवता येते, जास्तीत जास्त ६० दिवसांपर्यंत:

```
DISM /Online /Set-OSUninstallWindow /Value:30
```

ऑफिसच्या मशीनवर मी हे करायला लावतो, कारण महिन्याचं काम एकदा पूर्ण फिरल्याशिवाय काय बिघडलंय ते कळतच नाही. जीएसटीचं 3B भरायची वेळ येते वीस तारखेला, आणि डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर रुसलाय हे तेव्हा समजतं. दहा दिवस तोवर उलटून गेलेले असतात.

तरी हे लक्षात ठेवा की 'गो बॅक' विंडोज परत आणतं, उडालेल्या फायली नाही. १८०९ च्या वेळी मायक्रोसॉफ्टचा सल्ला होता की फायली गेल्या असतील तर मशीन कमीत कमी वापरा आणि सपोर्टला फोन करा. एसएसडीवर तर खोडलेल्या जागा ट्रिम नावाच्या आपोआप होणाऱ्या साफसफाईमुळे लवकरच खरोखर रिकाम्या होतात, मग रिकव्हरीवाल्यालाही काही सापडत नाही. अपग्रेडआधी वेगळ्या डिस्कवर कॉपी करून ती डिस्क काढून ठेवणं, याला पर्याय नाही.

फॉरवर्डमधला सगळ्यात घातक सल्ला शेवटचा आहे. अपडेट दिसत नाही यामागे बऱ्याचदा कारण असतं. विशिष्ट हार्डवेअर किंवा ड्रायव्हरशी नव्या व्हर्जनचं जमत नाही असं कळलं की मायक्रोसॉफ्ट त्या मशीन्सपुरतं ते अडवून ठेवतं. याला सेफगार्ड होल्ड म्हणतात. 24H2 च्या वेळी वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७७० आणि एसएन५८० या एसएसडींवर निळी स्क्रीन येत होती. या एसएसडी कॅशसाठी कॉम्प्युटरची रॅम उसनी घेतात. नव्या विंडोजने ६४ एमबीऐवजी २०० एमबी देऊ केली आणि त्यांच्या फर्मवेअरला, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरला, ती झेपली नाही. पुढे नवीन फर्मवेअर आलं आणि प्रश्न मिटला. साइटवरून इन्स्टॉलेशन असिस्टंट किंवा मीडिया क्रिएशन टूल उतरवून टाकलं की असा अडसर वळसा घालून ओलांडला जातो. होल्ड असताना हे करू नका असं मायक्रोसॉफ्ट स्वतः लिहितं.

मग थांबायचं किती? कॅलेंडरवरचे आठवडे मोजून उपयोग नाही. १८०९ दुरुस्त होऊन १३ नोव्हेंबर २०१८ ला परत आलं, तेव्हाही मॅप केलेले नेटवर्क ड्राइव्ह सुरू झाल्यावर तुटलेले दिसण्याचा दोष ज्ञात अडचणींच्या यादीत होता. घरी एकच लॅपटॉप असेल तर त्याने काही बिघडत नाही. पण सीएंच्या ऑफिसात टॅलीचा डेटा दुसऱ्या मशीनवरच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये असतो, तिथे सकाळ वाया जाते. म्हणून मी दोन खुणा बघतो: रिलीजनंतरचे किमान दोन महिन्यांचे पॅच येऊन गेलेत का, आणि मायक्रोसॉफ्टच्या रिलीज हेल्थ पानावरच्या उघड्या दोषांत आपल्या हार्डवेअरचं किंवा कामाचं काही आहे का. एखादं जास्तीचं मशीन असेल तर त्यावर पहिल्या दिवशी खुशाल टाका.

त्या मुलाच्या ऑफिसात प्रो आवृत्ती असल्याने व्हर्जन रजिस्ट्रीतून जागेवर धरून ठेवलं. त्यांच्याकडे 24H2 आहे, म्हणून:

```
HKLM\SOFTWARE\Policies\Microsoft\Windows\WindowsUpdate
ProductVersion            REG_SZ     Windows 11
TargetReleaseVersion      REG_DWORD  1
TargetReleaseVersionInfo  REG_SZ     24H2
```

महिन्याचे पॅच याने अडत नाहीत. 24H2 प्रोचा सपोर्ट १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतो. टॅक्स ऑडिटच्या गर्दीत ती तारीख निसटेल, म्हणून ऑफिसच्या कॅलेंडरवर जुलैच्याच पानावर लिहून ठेवायला सांगितलंय.