घोडं वऱ्हाडाचं, रंग उन्हाचा

लग्नसराई उतरणीला लागली की ज्याच्या दारात घोडं आहे त्याला ते विकावंसं वाटतं आणि ज्याच्या दारात नाही त्याला घ्यावंसं वाटतं. दोघांनाही फोटो लागतो. हा फोटो काढायची वेळ वऱ्हाडात ठरलेली आहे: मे महिना, दुपारचा एक, पारा 45 च्या आसपास, घोडं उघड्या बांधावर आणि फोटो काढणारा मात्र कडुनिंबाच्या सावलीत. मग तो फोटो माझ्यासारख्या माणसाकडे येतो. खाली एकच ओळ असते, "अजी भाऊ, सांगा बरं, हे कुम्मैत हाय का सुरंग?"

प्रश्न सोपा आहे. कुम्मैत म्हणजे अंग तांबूस तपकिरी, पण आयाळ, शेपूट, गुडघ्याखालचे पाय आणि कानांच्या कडा काळ्या. सुरंग म्हणजे अंगही तांबडं, आयाळही तांबडी, पायही तांबडे. अंगावर काळा केस औषधालाही सापडायचा नाही. सुरंगाची आयाळ अंगापेक्षा फिकी असेल, गडद असेल, भुरी सोनेरी असेल, पण काळी नसते. शेंबड्या पोरालाही हे समजतं. घोडं अडतं ते पुढे: फोटोतली आयाळ तांबडी आहे, आणि ती जन्माची तांबडी की उन्हानं केलेली, हे आयाळ स्वतः सांगत नाही.

ऊन काळ्या केसाचं काय करतं ते आधी समजून घ्या, निम्मं भांडण तिथेच मिटतं. केसाला काळेपणा देणारं रंगद्रव्य उन्हातल्या अतिनील किरणांनी हळूहळू मोडतं. त्यात घामाचं मीठ आणि पाऊस यांची भर. केस मेलेला असतो, त्यामुळे झालेली मोडतोड आतून दुरुस्त होत नाही. काळा आधी कथ्थी होतो, मग गंजलेल्या पत्र्यासारखा. आता गंमत बघा. अंगावरचा आखूड केस घोडं वर्षातून दोनदा झाडतं, पायांवरचाही. आयाळ मात्र तशी झडत नाही, वाढतच राहते. वीतभर लांब केसाचं टोक बरेच महिने ऊन खाऊन बसलेलं असतं, आणि त्याच घोड्याच्या गुडघ्याखालचा केस या मोसमातलाच, कोरा असतो. म्हणजे ज्या आयाळीकडे बघून सगळे निकाल देतात, ती अख्ख्या घोड्यावरची सगळ्यात जुनी, सगळ्यात भाजलेली साक्षीदार. आणि जे पाय फोटोत कापले जातात, ते खरं बोलायला तयार उभे असतात.

यातून माझा एकच नियम निघतो. ऊन काळ्याला तांबडं करू शकतं, पण तांबड्याला काळं करू शकत नाही. म्हणून आयाळीत तांबडं किती दिसतं हे मोजत बसू नका. काळं कुठे उरलंय ते शोधा, आणि तेही जिथे ऊन पोचत नाही तिथे.

पहिली जागा आयाळीच्या मुळाशी. फोटो मोठा करा आणि मानेच्या काठावर, जिथून केस उगवतो आणि पडायला सुरुवात होते, तिथे बघा. भाजलेल्या कुम्मैताचा केस मुळाशी काळा, मधे कथ्थी आणि टोकाला गंजका असतो. वरचा थर तांबडा, आणि वाऱ्यानं एखादी बट उलटली तर खालचा थर काळाकुट्ट. सुरंगाचंही ऊन खाल्लेलं टोक फिकं होतं, पण मुळाकडे गेलात तर तिथे जास्त गडद तांबडंच मिळतं, काळं नाही. भुऱ्या आयाळीचा सुरंग तर मुळापासून टोकापर्यंत आणि वरपासून खालपर्यंत साधारण एकाच जातीचा फिका असतो. शेपटीचंही तसंच. वरची लांब झुलपं गंजलेली, पण शेपटीच्या दांड्याच्या खालच्या बाजूला ऊन कधी बघायलाच येत नाही. माशी मारताना घोड्यानं शेपूट उडवली असेल तर तो फोटो सोन्यासारखा. लोक मात्र तोच "हलला" म्हणून पुसून टाकतात.

दुसरी जागा कान. कुम्मैताच्या कानाच्या कडेला काजळाची रेघ ओढल्यासारखी काळी किनार असते. ही रेघ मला फार आवडते, कारण तिला कोणी चिखल लावत नाही. पण मोबाइल तिच्यावर उठलेला असतो. पाठवलेला फोटो दाबून लहान केला की उजेड बऱ्यापैकी बारकाईनं टिकतो, रंग मात्र ढोबळ होतो. बहुतेक वेळा चार ठिपक्यांच्या चौकोनाला मिळून एकच रंग वाटून दिला जातो. दोन ठिपक्यांची किनार, तिच्या एका बाजूला तांबडा कान, दुसऱ्या बाजूला पांढरं आभाळ. त्या गर्दीत काळा बिचारा तपकिरी होऊन निघतो. म्हणून फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा असं सांगावं, म्हणजे तो दाबला जात नाही. पुढचा पाठवतो तो फोटोचा फोटो, दुसऱ्याच्या मोबाइलवरून काढलेला, त्यात बोटांचे ठसे.

तिसरी जागा पाय, आणि इथे मात्र सांभाळून. ऊन तांबड्याला काळं करत नाही, पण आपली कपाशीची काळी जमीन करते. सुरंग घोडं नाल्यातून पाणी पिऊन आलं की चारही पाय कुम्मैताचे. ओळखायचं कसं? चिखलाची वरची कड पाण्याच्या पातळीसारखी सरळ असते, चारही पायांवर जवळपास एका उंचीवर, आणि वाळला की त्याला भेगा पडून राखाडी दिसतो. खरा काळा वर चढताना तांबड्यात विरत जातो, गुडघ्यापाशी पुसट आणि वेडावाकडा, आणि केसाला चमक असते. दुसरा फसवणारा म्हणजे पोटाची सावली. भर दुपारी ऊन डोक्यावरून पडतं. पाठ आणि आयाळ पांढरी फटक, पाय अंधारात. त्या अंधारात तांबडे पायही काळे दिसतात. अशा वेळी पायाशेजारची जमीन बघा. तीही तितकीच काळवंडली असेल तर ती सावली, रंग नव्हे.

नाकाची कातडी काळी आहे म्हणून कुम्मैत, असं छातीठोक सांगणारे प्रत्येक गावात दोन तरी असतात. कातडी दोघांचीही काळीच असते, फक्त पांढऱ्या पट्ट्याखालची गुलाबी. खुरांवरूनही काही ठरत नाही. आणि ज्या घोड्याला वरातीसाठी मेंदी लावलेली आहे, त्याच्या आयाळीवर मत देणं म्हणजे नवरदेवाच्या हातावरून त्याचा वर्ण सांगणं.

आता परवा आलेलाच एक फोटो घ्या. घोडी बांधावर, ऊन माथ्यावर, आयाळ अगदी गुळाच्या ढेपेच्या रंगाची, अंग तांबडं. कपाळावर पांढरा पट्टा. चारही पाय सोयाबीनच्या कुटारात, गुडघ्याच्या वर चार बोटांपर्यंत बुडालेले. म्हणजे सगळ्यात भरवशाचा साक्षीदार गैरहजर. विम्याच्या अर्जात रंग लिहायचा होता, आणि खाली पाठवणाऱ्याचा निकालही होता, "सुरंगच हाय, आयाळ पाहा ना." गुळाची ढेप बघून माणूस फसणारच.

मी आधी घोडीकडे बघितलं नाही, तोंडावरच्या मोहरकीकडे बघितलं. मोहरकी काळ्या नायलॉनच्या पट्टीची होती, आणि फोटोत ती चक्क तपकिरी आली होती. म्हणजे मोबाइलनं उजेड वाढवून ठेवलेला. ज्या फोटोत काळं नायलॉन तपकिरी दिसतं, त्यात काळा केस काळा दिसायची अपेक्षा कशी करायची? (फोटो काढताना घोड्याजवळ एखादी काळी छत्री उभी करा, असं मी लोकांना सांगतो. लोक छत्री स्वतःच्या डोक्यावर धरतात.) फोटोचा उजेड मोबाइलमध्येच कमी करत आणला, मोहरकी काळी दिसेपर्यंत. तेवढ्यात कानांच्या कडा मोहरकीबरोबरच काळ्या झाल्या आणि मधला कान तांबडाच राहिला. मग कपाळावरची झुलपं बघितली. वरून गंजकी, पण मोहरकीच्या पट्टीखाली दबलेली एक बट बाहेर डोकावत होती, ती काळी. पट्टीनं तिच्यावर ऊन पडू दिलं नव्हतं. मानेच्या काठावर मुळाशी बोटभर गडद पट्टा, तोही मोहरकीच्याच रंगाचा. कुम्मैत. आयाळीनं दिलेली साक्ष खोटी नव्हती, शिळी होती.

तरी एक फोटो जास्तीचा मागितला, कारण काळजासारख्या गडद तपकिरी रंगाचा सुरंग असतो तो भल्याभल्यांना काळं दाखवून जातो. त्याच्या झुलपांच्या मुळाशीही असाच काळसर रंग वाटतो. काळ्या वस्तूशेजारी धरला की मगच त्यातला तांबूसपणा कळतो. फोटो असा सांगितला: सकाळी नऊच्या आत किंवा गोठ्याच्या मोकळ्या सावलीत, फ्लॅश नको, घोडी कुटाराबाहेर, पुढचा पाय ओल्या फडक्यानं पुसून आणि कोरडा करून, आणि एका हातानं आयाळ उलटून दुसऱ्या हातानं मुळाचा फोटो. पायाला पांढरा मोजा असेल तर खुराच्या वरच्या कडेला पांढऱ्यात काळे ठिपके आहेत का तेही बघायला सांगितलं. पंचकल्याणी घोड्याचे चारही पाय पांढरे असतात, तिथे कधीकधी तेवढेच ठिपके हाताशी लागतात.

"आईबाप कोणत्या रंगाचे?" हेही विचारून ठेवलं. दोन्ही सुरंग असते तर माझंच म्हणणं मला परत घ्यावं लागलं असतं, कारण सुरंग जोडप्याला कुम्मैत शिंगरू होत नाही. काळं रंगद्रव्य केसात उतरवणारा जनुक दोघांकडेही बिघडलेला असतो. 1996 साली त्याचा पत्ता लागला. उलट मात्र होतं, दोन कुम्मैतांच्या पोटी सुरंग येतो, आणि मग शेजारच्या घोड्याकडे उगाच संशयानं बघितलं जातं. या घोडीची माय कुम्मैत निघाली, बापाचा पत्ता नव्हता. शिंगरूपणीचा फोटोही आला, पाय पांढुरके दिसणारा, "हे पाहा, तेव्हाबी काळे नव्हते" म्हणून. कुम्मैत शिंगराचे पाय जन्मतः फिकेच असतात, पहिली लव झडली की काळे होतात, तेव्हा तो पुरावा मी बाजूला ठेवला.

संध्याकाळी गोठ्यातला फोटो आला. पाय पुसलेला, गुडघ्यापर्यंत काळाभोर, वर विरत गेलेला. आयाळ उलटलेली, खालचा थर शाईसारखा. मी लिहिलं, "कुम्मैत. शंभर टक्के. विम्याच्या अर्जात तसंच लिहा."

उत्तर लगेच आलं. "अजी भाऊ, अर्ज तर कालच देल्ला. रंगाच्या रकान्यात 'घोडी' लिवलं."