दोन वायरी, एक डायनॅमो आणि माझ्या भाच्याचा फोन

«सायकलच्या पुढच्या चाकाला हब डायनॅमो बसवा, त्याच्या दोन वायरी चार्जिंग केबलच्या लाल-काळ्या वायरींना जोडा, झालं. सर्किट-बिर्किट काही लागत नाही. अर्ध्या तासात फोन फुल. जितकं जोरात पॅडल माराल तितकं लवकर चार्ज. पायावर शून्य ताण, वीज फुकट. पुढे पाठवा.»

हा मेसेज आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर दोन वेळा येऊन गेला, तेव्हा मी गप्प होतो. पण परवा भाचा नागपूरहून रामटेकला सायकलने जायची तयारी दाखवायला आला, तर पोराने चांगली केबल मधोमध कापून ठेवलेली! "दोनच तं वायर जोडाचे आहे मामा, त्यात काय बिघडते?" काय बिघडतं ते लिहून काढतो, म्हणजे पुढच्या भाच्यालाही देता येईल.

सगळ्यात घातक वाक्य सर्किटचं आहे, म्हणून तिथेच जास्त वेळ घालवतो. हब डायनॅमोतून, म्हणजे चाकाच्या मधोमध आसाभोवती बसणाऱ्या डायनॅमोतून, डीसी नाही, एसी निघतो. चाकाच्या एका फेरीत प्रवाह चौदाएक वेळा उलटसुलट होतो. मल्टिमीटर डीसीवर ठेवून चाक फिरवलं तर काटा शून्याजवळच थरथरतो आणि माणसाला वाटतं डायनॅमो खराब आहे. मीटर एसीवर घेतला की आकडा दिसतो. फोनला लागतो ५ व्होल्ट डीसी, तोही साधारण ४.७५ ते ५.२५ च्या आत. म्हणजे लाल-काळी वायर थेट जोडली की फोनला प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्या भागात उलटा व्होल्टेज मिळतो.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. डायनॅमोवर '६ व्होल्ट' लिहिलेलं असतं ते दिवा जोडलेला असताना. काहीच जोडलं नसेल तर व्होल्टेज वेगाबरोबर चढत जातो. ढोबळ हिशोब असा की ताशी जितके किमी, जवळपास तितके व्होल्ट. सेमिनरी हिल्सच्या उतारावर सायकल सहज ३० ला जाते, तिथे ३० च्या आसपास व्होल्ट आणि शिखर त्याच्या १.४ पट, म्हणजे ४२. आता फोन शंभर टक्के झाला किंवा केबलची पिन क्षणभर हलली की भार सुटतो, आणि नेमका त्याच क्षणी हा व्होल्टेज उसळतो. चार्ज होताना सगळं ठीक दिसतं, म्हणून लोक फसतात.

"मग ७८०५ लावतो," हेही भाच्याने ऐकवलं. व्होल्टेज ५ वर धरणाऱ्या तीन पायांच्या त्या रेग्युलेटरला आत जास्तीत जास्त ३५ व्होल्ट चालतात. एलएम २५९६ या स्विचिंग रेग्युलेटरची तयार पट्टी घेतली तर ४०. दोन्ही उतारावर मरतात, आणि मेलेला रेग्युलेटर पुष्कळदा आतला व्होल्टेज तसाच बाहेर सोडतो. त्याआधी १६ व्होल्टचा कपॅसिटर टोपी फुगवून निरोप देतोच.

काय लागतं ते क्रमाने: आधी एसीचा डीसी करणारा चार डायोडचा ब्रिज, तोही शॉट्की डायोडचा, कारण साधे डायोड ६ पैकी १.४ व्होल्ट स्वतःच खातात. मग प्रवाहाच्या लाटा बुजवणारा मोठा कपॅसिटर. मग व्होल्टेजला लगाम. मग ५ व्होल्टचा स्विचिंग रेग्युलेटर. यातला लगामच लोक विसरतात, किंवा ठरलेल्या व्होल्टच्या वर गेलं की प्रवाह स्वतःतून वळवणारा एक वॅटचा झेनर डायोड टाकून मोकळे होतात. डायनॅमो अर्धा अँपिअर ढकलतच राहतो, २४ व्होल्टचा झेनर तो अडवायला गेला तर त्याच्यात १२ वॅट उष्णता होते. एक वॅटचा झेनर किती टिकणार? म्हणून नीट बनवलेल्या सर्किटमध्ये जास्तीचा व्होल्टेज आला की ट्रान्झिस्टरने डायनॅमोच शॉर्ट करतात. ऐकून धडकी भरते, पण शॉर्ट केल्याने हब डायनॅमो जळत नाही, प्रवाह अर्ध्या-पाऊण अँपिअरच्या पुढे जातच नाही. त्याला मोकळं सोडणं हाच धोका.

तपासायचं कसं? फोन न लावता, यूएसबीच्या टोकाला मीटर. चाक उचलून हाताने फिरवलं तर ३० चा वेग गाठता येत नाही, त्यामुळे मीटर हँडलला बांधून उतारावरून एकदा या. आकडा ५ च्या आसपास चिकटून राहिला तरच फोन लावा.

अर्ध्या तासाचं गणित आता थोडक्यात. जर्मनीच्या वाहन नियमावलीच्या कलम ६७ मध्ये सायकल डायनॅमोसाठी वर्षानुवर्षं ६ व्होल्ट, ३ वॅट हेच माप होतं, आणि हे ३ वॅट ताशी १५ किमीला मोजतात. जगभरचे बहुतेक हब डायनॅमो याच मापावर बनतात. आजच्या फोनची बॅटरी ५००० एमएएच म्हणजे साधारण १९ वॅट-तास. ती अर्ध्या तासात भरायला ३८ वॅट बॅटरीत जायला हवेत. ३ वॅटच्या डायनॅमोतून ते कुठून येणार?

रामटेकचाच हिशोब घ्या. कामठी, मनसर करत साधारण ५० किमी, ताशी १५ ने सव्वातीन तास. तीन वॅटपैकी ब्रिज आणि रेग्युलेटर ओलांडून सव्वादोन वॅट उरतात, फोनच्या आतही थोडे जातात. शेवटी बॅटरीत सहाएक वॅट-तास पडतात, म्हणजे तीसेक टक्के. तेही स्क्रीन बंद असेल तर. नकाशा सुरू ठेवला की फोनच दीड-दोन वॅट पितो, मग रामटेकला पोचेपर्यंत टक्केवारी निघताना होती जवळपास तेवढीच. पण तेवढंही कमी नाही.

जोरात पॅडल मारण्याच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. प्रवाह अर्ध्या अँपिअरला अडकतो, पण व्होल्टेज वाढतो, आणि सर्किट तो वापरू शकणारं असेल तर २५-३० च्या वेगाला पाचएक वॅट मिळू शकतात. साध्या सर्किटला मिळत नाहीत. शिवाय वर्धा रोडवर सकाळी दहाला कोण २५ ने जातो? पायाच्या ताणाचं म्हणाल तर तो शून्य नाही. ३ वॅटसाठी पायातून पाच-सहा वॅट जातात. जाणवत नाही, एवढं मात्र खरं.

खरी कटकट सिग्नलची. वेग १० च्या खाली गेला की व्होल्टेज कोसळतो, फोन टिंग करून चार्जिंग सोडतो, स्क्रीन पेटते, पुन्हा धरतो, पुन्हा पेटते. मिळाली तेवढी वीज त्यातच खर्च. बऱ्याचदा फोनला समोर मोठा चार्जर आहे असं वाटून तो एक अँपिअर मागतो, मग सरळ रस्त्यावरही हाच खेळ. उपाय म्हणजे मध्ये पॉवर बँक. ती एकाच वेळी भरून घेणारी आणि देणारी हवी, आणि वीज तुटून परत आल्यावर बटण न दाबता सुरू होणारी. घरच्या चार्जरचा स्विच बंद-चालू करून हे दोन्ही आधी पाहता येतं. पॉवर बँकेतून जाताना आणखी थोडी वीज गळते, ते धरून चाला.

आणि मे महिन्यात हँडलवर उन्हात लावलेला फोन यातलं काहीही नीट बसवलं तरी चार्ज होणार नाही. बॅटरी ४५ अंशांच्या आसपास गेली की बहुतेक फोन स्वतःच चार्जिंग थांबवतात. पॉवर बँक पिशवीत, सावलीत ठेवा, फोन मुक्कामी पोचल्यावर लावा.