मैफिलीत माइक शिट्ट्या मारत होता, तरी यजमानांचे आभार कसे मानायचे?

थंडीचे दिवस आले की घरगुती बैठकी सुरू होतात. कुणाच्या तरी हॉलमधला सोफा आतल्या खोलीत जातो, सतरंज्या पसरतात, पन्नासेक माणसं मांडी घालून बसतात आणि गाणं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘अप्रतिम!’, ‘अविस्मरणीय!’, ‘सुरेल संध्याकाळ!’ यांची रांग लागते. कार्यक्रम खरंच तसा झाला असेल तर आनंदच आहे. पण नसेल झाला तर? या बाबतीत आपण यजमानांवर अन्याय करतो असं माझं ठाम मत आहे.

एक बैठक डोळ्यांसमोर आणू. निमंत्रणात लिहिलं होतं, सहाला वेळेवर या, सुरुवात मारव्याने आहे. गायिका बाहेरगावच्या, रहदारीत अडकल्या, साडेसहाला पोचल्या. मग चहा, मग तबला लावणं. हॉलचा एसी दुपारपासून चालू होता. पन्नास माणसं आत आली, हवा बदलली, आणि तबल्याची पुडी हवेतल्या ओलाव्याप्रमाणे चढते-उतरते, त्यामुळे दुपारी लावून ठेवलेला तबला पुन्हा लावावा लागला. गाणं सुरू व्हायला सात वाजून गेले. मारवा हा सूर्यास्ताचा राग, त्याची वेळ टळली, म्हणून गायिकेने यमन घेतला. पहिला अर्धा तास माइक शिट्ट्या मारत होता. शेवटी दहाच्या आत ध्वनिक्षेपक बंद करायचा म्हणून दुसरा राग आवरता घेतला आणि भैरवी झाली.

आता यजमान काका-काकू दारात उभे आहेत आणि प्रत्येकाला विचारताहेत, ‘कसं झालं?’

या क्षणी दारात फार बोलू नये. मागे लोक चपला शोधत असतात, काकू दमलेल्या असतात. ‘बोलावलंत, फार बरं वाटलं. उद्या निवांत फोन करतो,’ एवढं पुरे. यातला शब्दन् शब्द खरा आहे. ‘छान झालं हो सगळं’ मात्र इथे टाळावं, कारण ती शिट्टी काकांनीही ऐकलेली असते. प्रत्येक शिट्टीला त्यांची मान स्पीकरकडे वळत होती. त्या माणसाला ‘काही जाणवलंच नाही’ म्हटलं, की यमनातल्या ज्या विस्ताराला आपण मनापासून दाद दिली, तीही त्यांना उपचारच वाटू लागते. आणि हेच लोक खाली उतरताना लिफ्टमध्ये माइकबद्दल तक्रार करतात, म्हणजे ज्याला त्याचा उपयोग आहे त्याच्याशिवाय सगळ्यांना सांगून होतं.

खरा आभाराचा मजकूर दुसऱ्या दिवशी, ग्रुपवर नाही तर थेट काका-काकूंना पाठवावा. त्यात काय लिहायचं ते ठरवण्यासाठी आदल्या संध्याकाळी यजमानांनी प्रत्यक्ष काय काय केलं होतं ते आठवावं. सामान हलवलं. गायिकेला स्टेशनवरून आणायला माणूस पाठवला. साथीदारांच्या खाण्याची वेळ सांभाळली. ज्येष्ठांना मांडी घालता येत नाही म्हणून भिंतीलगत खुर्च्या मांडल्या. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलं, मानधनाचं पाकीट तयार ठेवलं. यातलं निम्मं पाहुण्यांच्या लक्षातही येत नाही. जे तुमच्या नजरेला पडलं असेल तेच नेमकं लिहा. उदाहरणार्थ:

‘काकू, काल बोलावलंत त्याबद्दल मनापासून आभार. आईला खाली बसता येत नाही, तुम्ही तिच्यासाठी पुढे खुर्ची ठेवली होतीत, त्यामुळे ती शेवटपर्यंत बसू शकली. यमनाचा द्रुत भाग फार रंगला. सुरुवातीला माइकने तुम्हाला बराच त्रास दिला, तरी तुम्ही दोघांनी धावपळ गाण्याच्या आड येऊ दिली नाहीत.’

माइकचा उल्लेख इथे आहे, पण तो यजमानांच्या कष्टाच्या बाजूने आलाय. हीच गोष्ट ‘गाणं छान झालं, पण माइकने घोळ घातला’ अशी लिहिली असती, तर त्या ‘पण’च्या आधीचं सगळं पुसलं गेलं असतं. वाक्य संपवावं, नवीन सुरू करावं, ‘पण’ने जोडू नये. आणि उशिराचा विषय या संदेशात काढूच नये. तो गायिकेच्या प्रवासातून आला होता, काकांच्या हातात फारसं काही नव्हतं, आणि त्यांना तो सगळ्यात जास्त टोचलेला असणार.

काकूंनीच माफी मागितली तर? ‘फारच गोंधळ झाला हो’ असं त्या म्हणाल्या, तर ‘छे छे’ करून विषय उडवू नये. ‘हो, पहिला अर्धा तास शिट्टीचा त्रास झाला. त्यानंतर स्वच्छ ऐकू येत होतं,’ असं सांगावं. त्रास किती वेळ होता आणि कधी थांबला हे कळलं की यजमानांच्या मनातला गोंधळ आपल्या खऱ्या आकाराचा होतो. नाहीतर रात्रभर त्यांना सगळीच संध्याकाळ वाया गेल्यासारखी वाटत राहते.

पुढच्या वेळी सुधारता येईल असं काही तुम्हाला नक्की माहीत असेल, तर ते आभारात मिसळू नका. आठवडाभराने, पुढच्या बैठकीचा विषय निघाला की सांगा, आणि दोष न देता कारणासकट सांगा. या बैठकीतली शिट्टी का येत होती? स्पीकर गायिकेच्या मागे भिंतीशी होते आणि त्यांचा आवाज परत माइकमध्ये शिरत होता. आवाज वाढवला की शिट्टी, कमी केला की मागच्यांची तक्रार, असं चक्र चालू होतं. स्पीकर कलाकारांच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवले, गायिकेचा माइक तोंडाजवळ आणला आणि तबला-पेटीचे माइक बंद केले, की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. पन्नास माणसांच्या हॉलमध्ये तबला-पेटी माइकशिवाय सहज ऐकू येतात. ‘पुढच्या वेळी मी तासभर आधी येतो, स्पीकर आपण मिळून लावू’ हे वाक्य सोबत असेल तर ही सूचना टीकेसारखी लागत नाही. एसीचंही तसंच: गाणं सुरू होण्याआधी तासभर हॉल जसा राहणार आहे तसाच ठेवायचा, म्हणजे तबला एकदा लावला की बराच वेळ टिकतो.

गाणंच रंगलं नसेल तर मात्र यजमानांकडे गायिकेचं मूल्यमापन करू नका. त्यांनी तिला मानाने बोलावलेलं असतं, आणि पहिल्या अर्ध्या तासात स्वतःचाच आवाज शिट्टीतून ऐकू येत असेल तर कुणाचंही गाणं आखडतं. तेव्हा बैठकीबद्दल, माणसांबद्दल, मिळालेल्या जागेबद्दल लिहावं. गाण्यातली एखादी बंदिश, एखादी जागा खरंच आवडली असेल तर तेवढीच.

आणि मध्यंतरात उठून गेला असाल, तर भैरवीची तारीफ करू नका. ‘मला साडेआठला निघावं लागलं, तोवरचा यमन ऐकला’ असं लिहा. पन्नास माणसांच्या हॉलमध्ये कोण कधी उठलं हे काकूंना ठाऊक असतं.